मार्च एंड आणि ‘मा फलेषु’

आमच्या बँकेच्या एका प्रशिक्षण वर्गात वक्त्यांनी पडद्यावर गीतेचा श्लोक लावला, ‘कर्मण्येवाधिकारस्ते’. खाली मराठीत अर्थ होता, ‘कष्ट करत राहा, फळाची अपेक्षा धरू नका.’ पुढची स्लाइड विमा विक्रीच्या तिमाही टार्गेटची होती. जेवणाच्या सुट्टीत संघटनेचे एक जुने कार्यकर्ते ताट हातात घेऊन संतापाने म्हणाले, “आम्ही फळाची अपेक्षा सोडायची आणि साहेबांनी इन्सेंटिव्ह घ्यायचा? गुलामांसाठी लिहिलेलं तत्त्वज्ञान आहे हे.” दुपारभर वाद चालला. एक बाजू म्हणे, गीता कळली की ताण जातो. दुसरी म्हणे, गीता सांगितली की पगारवाढ जाते. तोच वाद मी नंतर अनेक ठिकाणी ऐकला, आणि दर वेळी वाटलं की दोन्ही बाजू एकच चूक धरून भांडताहेत. निष्काम कर्म म्हणजे फळाचा विचारच करायचा नाही, हा अर्थ दोघांनीही न तपासता स्वीकारलेला आहे.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. फळाला चिकटलेल्या माणसालाच फळाचा नीट विचार करता येत नाही. टार्गेटखाली काम करणाऱ्याला निष्काम कर्माची गरज आहे ती मन:शांतीसाठी नंतर, आधी ती आहे डोळे उघडे राहावेत म्हणून. हे मी पोथीतून शिकले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा पट्ट्यात एका शाखेची मॅनेजर असताना, मार्च 2024 मध्ये, ते माझ्या अंगावर आलं.

आधी श्लोकाकडे पाहू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘अधिकार’ या शब्दाचा आपण आज ‘हक्क’ असा अर्थ घेतो आणि मग वाक्य भयंकर होतं: काम कर, मोबदल्यावर तुझा हक्क नाही. पण अधिकाराला दुसरी छटा आहे, ती बँकेत काम करणाऱ्याला लगेच कळेल. कर्ज मंजूर करण्याचा शाखाधिकाऱ्याचा अधिकार ठरावीक रकमेपर्यंत असतो, त्यापुढचं प्रकरण रीजनल ऑफिसला जातं. म्हणजे अधिकार ही आपला हात कुठवर पोचतो याची मर्यादा. तुझा हात कर्मापर्यंत पोचतो, फळापर्यंत नाही, हे आधी वस्तुस्थितीचं वर्णन आहे. पुढचे दोन चरण स्लाइडवर नव्हते. ते म्हणतात, फळ हेच कर्माचं कारण होऊ देऊ नकोस, आणि काम न करण्याचीही ओढ धरू नकोस. पगार हा तर या अर्थाने कर्मफळ नव्हेच, तो करार आहे. तिसऱ्या अध्यायात यज्ञाच्या संदर्भात का होईना, घेऊन परत न देणाऱ्याला सरळ चोर म्हटलं आहे. रात्री नऊपर्यंत माणसं बसवून ठेवायची आणि जादा कामाचा विषय निघाला की श्लोक म्हणायचा, याला गीतेत आधार शोधू नये.

विरोधकांचा सर्वात मोठा मुद्दा मात्र इतक्या सहज निकाली निघत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर लिहिताना म्हटलं आहे की, तिथलं ‘कर्म’ म्हणजे आपण समजतो तसं कुठलंही काम नव्हे, ते यज्ञयागादी कर्मकांड आहे, आणि चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देणं हे त्या ग्रंथाचं काम आहे. टिळकांनी गीतारहस्यात कर्माचा व्यापक अर्थ लावला, तो त्यांना मान्य नव्हता. हा आक्षेप मी टाळणार नाही. स्वधर्माच्या नावाखाली माणसाला जन्माच्या कामाला जुंपलं गेलं, हा आपला इतिहास आहे, आणि ‘फळ मागू नको’ हे वाक्य ज्यांना कधी फळ मिळालंच नाही त्यांना सांगितलं गेलं आहे. म्हणून गीतेत लिहिलं आहे एवढ्यावर माझी भिस्त नाही. तिथल्या एका भेदाचा उपयोग होतो का, तो कामाच्या टेबलावर टिकतो का, एवढंच मी तपासते. ज्या पेटीत सुरी ठेवली होती तिच्याबद्दल वाद असू शकतो, धार आहे की नाही हे कापून बघता येतं.

तर 28 मार्च 2024, गुरुवार. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, शनिवारी काम, आणि 31 तारखेला रविवार असूनही सरकारी व्यवहारांसाठी शाखा उघड्या ठेवायच्या होत्या. माझ्या टेबलावर गॅपचा कागद होता. विम्याच्या हप्त्यात आमची शाखा 3 लाखांनी मागे होती. अकराच्या सुमारास एक आजी आल्या. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते, वारून सहा वर्षं झाली होती. त्यांच्या फंडातून ठेवलेली 3 लाखांची एफडी त्या दिवशी मुदत संपून मोकळी झाली होती. कापडी पिशवीतून त्यांनी पावती काढली, ती दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीत घडी करून ठेवलेली. “ताई, पुन्हा तशीच टाकायची, व्याज महिन्याला येऊ द्या,” एवढं म्हणून त्या बाकावर जाऊन बसल्या.

माझा सहकारी, नोकरीत नुकताच आलेला, प्रोबेशनवर असलेला मुलगा, आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, दरवर्षी 1 लाखाचा हप्ता, पाच वर्षं. पहिली तीन वर्षं यातूनच जातील. पुढचं पुढे.” त्याचा दोष नव्हता. त्याने हे माझ्याकडूनच शिकलं होतं. आदल्या वर्षी अशाच दिवसांत मी एका निवृत्त शिपायाला हप्त्यांची पॉलिसी दिली होती. ‘दरवर्षी भरायचे आहेत’ हे वाक्य मी उच्चारलं होतं, पण कसं, तर पटकन, दोन चांगल्या वाक्यांच्या मध्ये. वर्षभराने ते गृहस्थ दुसऱ्या हप्त्याची नोटीस घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसता कागद पुढे केला.

अशा वेळी उपयोगी पडतो तो दुसऱ्या अध्यायातला प्रसिद्ध श्लोक नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना तामस कर्माची व्याख्या येते: ‘अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्’, म्हणजे पुढे काय होईल, काय खर्ची पडेल, कोणाला इजा होईल आणि झेपेल किती, हे न पाहता मोहाने सुरू केलेलं कर्म. एकदा हे वाचल्यावर ‘निष्काम म्हणजे परिणामांचा विचार नको’ असं कोणी कसं म्हणू शकेल? परिणाम न पाहणं हे तर गीतेच्या हिशेबात सगळ्यांत खालच्या पायरीचं काम आहे.

ते चार शब्द आजींच्या पावतीला लावून बघा. अनुबंध: पहिल्या तीन वर्षांनंतर दोन हप्ते उरतात, 2 लाख रुपये. ते कुठून येणार? आजींची फॅमिली पेन्शन महिन्याला 1,800, वर्षाची 21,600. क्षय: एफडी साडेसात टक्क्यांनी पुन्हा ठेवली तर वर्षाला 22,500 व्याज, म्हणजे महिन्याला 1,850 च्या आसपास. ते बंद होणार. त्यांच्या घरात येणारे निम्मे पैसे त्या व्याजाचे होते. हप्ते मध्येच थांबले तर सरेंडरला भरले त्याहून कमी हातात येतात, तो तोटा वेगळाच. हिंसा: ती कोणावर हे सांगायची गरज नाही. आणि पौरुष: त्यांना हे झेपत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही वजाबाकी करून दाखवता येईल. हा सगळा हिशेब दोन मिनिटांचा होता. मग आदल्या वर्षी तो मला का सुचला नाही? मी हुशार नव्हते म्हणून? तेव्हा माझ्या नजरेसमोर माणूस नव्हता, गॅपचा आकडा होता. आकड्याला घट्ट धरलं की परिणामांपैकी एकच परिणाम दिसतो, स्वतःचा. फलासक्ती म्हणतात ती हीच.

आजींची एफडी पुन्हा तशीच ठेवली. शनिवारी व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आमची शाखा लाल रंगात दाखवली गेली आणि मला सगळ्यांसमोर कारण विचारलं गेलं. मी म्हटलं, योग्य ग्राहक मिळाले नाहीत. पुढे जे सुनावलं गेलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. त्या वर्षीच्या माझ्या मूल्यांकनात ते उतरलं. हे सांगते, कारण निष्काम कर्म केलं की शेवटी सगळं चांगलंच होतं, टार्गेटही आपोआप पूर्ण होतं, असं जे वक्ते सांगतात ते श्रोत्यांना फसवतात. फळ मिळावं म्हणून फळ सोडायचं, यात सुटलं काय?

इथे व्यवहारी माणूस विचारतो, आणि बरोबर विचारतो: हाव नसेल तर माणूस काम करेल कशाला? टार्गेट नव्हती तेव्हा सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत ग्राहकाला कशी वागणूक मिळायची, हे पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. एका पासबुकाच्या नोंदीसाठी तीन खेपा व्हायच्या. मला हे पूर्ण मान्य आहे. आकडा नसेल तर आळसाला लपायला जागा मिळते. पण आळशाला निष्काम म्हणायचं कोणी ठरवलं? त्याच अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याची लक्षणं आहेत, धृती आणि उत्साह असलेला, यशापयशाने न हलणारा. आणि तामस कर्त्याच्या यादीत एक शब्द आहे ‘दीर्घसूत्री’, म्हणजे आजचं काम लांबवत नेणारा. डेडलाइन चुकवून ‘आपण बुवा फळाची चिंता करत नाही’ म्हणणाऱ्याची जागा तिथे आहे.

मुदतीचा आणि फळाचा संबंधही आपण चुकीचा लावतो. आमच्या भागातला शेतकरी वाफसा आला की दुसरं काही बघत नाही. जमिनीत पेरणीजोगी ओल आहे ते दिवस थोडे, ते गेले की बी उगवत नाही. ही डेडलाइनच आहे, आणि ती कामातूनच आलेली आहे. तिच्यासाठी धावपळ करण्यात आसक्ती नाही. पीक किती येईल आणि भाव काय मिळेल हे ठाऊक नसताना तो वाफसा साधतो, यापेक्षा निष्काम कर्माचं जवळचं उदाहरण मला माहीत नाही. 31 मार्च ही दुसऱ्या जातीची मुदत. ती कॅलेंडरमधून येते. ती पाळायला हवी, हिशेबाला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेलाच काम समजलं की काय होतं, ते पीककर्जाच्या वसुलीत दिसतं. ‘नवं-जुनं’ हा शब्द आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. मार्चअखेर जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. हातात पैसे असतील तर यात वावगं काही नाही, वेळेवर भरणाऱ्याला व्याजाची सवलतही मिळते. पण नसतील तर? तो चार दिवसांसाठी कोणाकडून तरी शेकडा दोन-तीन रुपयांनी हातउसने आणतो, खातं भरतो, एप्रिलमध्ये नव्या कर्जातून ते फेडतो. बँकेच्या कागदावर वसुली झालेली असते. शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज तेवढंच असतं, वर चार दिवसांचं व्याज.

त्या वर्षी तर डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ती उठली 4 मे 2024 ला. मधल्या काळात लाल कांदा मार्केटला आला आणि भाव पडले. आमचं वसुलीचं टार्गेट मात्र आदल्या एप्रिलमध्ये ठरलेलं होतं. गीता कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगते: अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव. दैव म्हणजे इथे कपाळावरची रेघ समजू नका. दिल्लीहून निघालेली एक अधिसूचना, हे आमच्या वसुलीतलं पाचवं कारण होतं. पाचांपैकी माझ्याकडे किती? मी आणि माझे प्रयत्न, दोन. साधनं निम्मीशिम्मी. मग त्या दोघांचं मी काय केलं हा प्रश्न मला विचारायला हवा, आणि रिपोर्टिंगमध्येही तोच विचारला जायला हवा. पीककर्जाचा हिशेब वेगळा, पण इतर बहुतेक कर्जांचा हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं. 85 व्या दिवशी घरी जाऊन बसणं ही फळासाठीची धडपड, त्या वेळी हातउसन्याशिवाय काही सुचवताच येत नाही. 35 व्या दिवशी गेलं तर अजून मार्ग असतात, हप्ता लहान करता येतो, पुनर्रचनेचा अर्ज वेळेत करता येतो, निदान माणूस खरं बोलतो. पस्तिसावा दिवस माझ्या अधिकारात आहे. नव्वदाव्या दिवशी काय होईल, ते नाही.

आकड्याला कर्माचं कारण केलं की आकडा कसा मरतो, याचं देशपातळीवरचं उदाहरण जनधन खात्यांचं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये योजना सुरू झाली, कोट्यवधी खाती उघडली गेली, आणि शून्य शिल्लक असलेल्या खात्यांची टक्केवारी हे कामगिरीचं माप बनलं. 2016 मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं की अनेक शाखांमध्ये अशा खात्यांत एक-एक रुपया भरला गेला होता, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून. टक्केवारी खाली आली. ज्या बाईच्या नावाने खातं होतं तिला तो रुपया कळलाही नसेल. ज्या कर्मचाऱ्यांनी तो भरला ते वाईट होते असं मी म्हणणार नाही, मी त्या खुर्चीत बसले आहे. पण विचार करा, फळ हाती आलं होतं आणि कर्म झालंच नव्हतं. यापेक्षा नेमकी व्याख्या फलासक्तीची कोण करणार?

आणि फळ हातातून काढून घेतलं तरी कर्म कसं शिल्लक राहतं? गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पाचेक महिन्यांत लिहिलं गेलं, पेन्सिलीने, कारण शाई मिळत नव्हती. 1914 मध्ये टिळक सुटले तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही याची मित्रांना काळजी लागली. टिळक म्हणाले होते असं सांगतात की, वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या, 1915 मध्ये ग्रंथ छापला गेला. हा माणूस फळाबद्दल बेफिकीर होता का? स्वराज्य मागणारा माणूस तो. त्याला फळ हवंच होतं, स्पष्ट शब्दांत हवं होतं. पण वही गेली म्हणून लिहिणारा संपत नव्हता. हेतू असणं आणि हेतूला स्वतःला बांधून घेणं यातलं अंतर एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

बांधले गेलोय हे ओळखायचं कसं? माझ्यापुरत्या खुणा मला सापडल्या आहेत. आता काहीच बदलता येणार नाही हे माहीत असताना मी तोच रिपोर्ट दिवसातून पाचव्यांदा उघडते, तेव्हा. दारातून येणारा माणूस आत येण्याआधीच मला त्याची शिल्लक आठवते, तेव्हा. आणि 31 मार्चला आलेली एखादी मोठी ठेव 2 एप्रिलला जाणार हे पक्कं ठाऊक असूनही तिचा मनापासून आनंद होतो, तेव्हा.

शेवटचा आक्षेप मात्र मला आजही बोचतो. तो त्या प्रोबेशनवरच्या मुलाने घेतला. “मॅडम, तुमची वीस वर्षं झालीत. तुम्हाला फार तर बदली मिळेल. मी नाही म्हटलं तर कन्फर्मेशनच अडकेल. घरी वडिलांचं डायलिसिस चालू आहे. मी फळ कसं सोडू?” याला श्लोकाने उत्तर देणं मला निर्दयपणाचं वाटलं. ज्याची गरज मोठी आणि अधिकार लहान, त्याच्याकडून अनासक्तीची अपेक्षा सगळ्यांत आधी केली जाते, ही आपल्या सगळ्या कचेऱ्यांची रीत आहे, आणि ती उलटी आहे. ‘यद्यदाचरति श्रेष्ठः’ म्हणताना गीता वरच्या माणसापासून सुरुवात करते. टार्गेट ठरवणाऱ्याने आधी स्वतःची पकड सैल करायची, अशक्य आकडा अशक्य आहे हे वर लेखी कळवायचं, कारण सभेत गप्प बसणं हीसुद्धा अकर्माचीच ओढ. मी त्याला एवढंच सांगितलं की इथून पुढे विम्याच्या प्रत्येक प्रस्तावाआधी ग्राहकाचं वर्षाचं उत्पन्न आणि हप्त्यांची वर्षं एका कागदावर लिहून माझ्याकडे आणायचं. जो प्रस्ताव जाणार नाही, त्यावर ‘नाही’ मी लिहीन, खाली सही माझी असेल, आणि मीटिंगमध्ये विचारलं तर तो कागद मी दाखवीन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने असे चार कागद आणले. दोनांवर मी नाही लिहिलं. तिसऱ्यावर त्याने आधीच स्वतःच्या अक्षरात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘झेपणार नाही.’